अडीच टनी फोर्कलिफ्टने २.२ टनांची पेटी उचलावी की नाही?

फोर्कलिफ्टचा टेकू म्हणजे तिचा पुढचा अॅक्सल. त्याच्या पुढे माल, मागे यंत्राचं वजन आणि शेपटीकडचा ओतीव लोखंडाचा काउंटरवेट. पुढची बाजू भारी झाली की मागची चाकं उचलली जातात. उचलण्याआधी करायचा हिशेब एवढाच.

आधी क्षमतेची पाटी वाचा. ‘२५०० किलो, ५०० मिमी’ याचा अर्थ मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिमीवर असेल, तरच २५०० किलो. अॅक्सलपासून ती पाठ ४५० मिमीवर आहे असं धरू. म्हणजे मालाचं अंतर ०.९५ मीटर आणि पुढे ओढणारा जोर २५०० × ०.९५ = २३७५.

आता पेटी २२०० किलोची, पण १६०० मिमी खोल. पाठीला घट्ट टेकवली तरी तिचा मध्य ८०० मिमीवर, अॅक्सलपासून १.२५ मीटरवर. २२०० × १.२५ = २७५०. वजन कमी असूनही ती मर्यादेबाहेर गेली! २३७५ ला १.२५ ने भागलं की १९०० किलो येतात. हा अंदाज झाला. अंतिम शब्द पाटीचा, कारण जास्त उंचीसाठी ती आणखी कमी आकडा देते. शक्य असेल तर पेटी अशी वळवून घ्या, की तिची लहान बाजू फोर्कच्या लांबीच्या दिशेला येईल.

हायड्रॉलिक्स इथे वाचवत नाही. पंपाचं ऑइल लिफ्ट सिलिंडरचा दांडा वर ढकलतं. दांड्यासोबत चढणाऱ्या कप्पीवरून साखळी जाते, तिचं एक टोक स्थिर आणि दुसरं फोर्कच्या कॅरेजला. म्हणून दांडा एक मीटर चढला की माल दोन मीटर चढतो. दाब जास्त झाला की ऑइल परत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह फक्त ऑइलचा दाब पाहतो. माल किती पुढे आहे हे त्याला कळत नाही.

माल योग्य असेल तर फोर्क पूर्ण आत घाला, माल पाठीला टेकवा, जमिनीपासून थोडा उचलून थांबा आणि टिल्ट सिलिंडरने मास्ट, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात तो उभा सांगाडा, मागे झुकवा. मागची चाकं हलकी झाली असतील तर स्टिअरिंग फसवं सैल लागतं, कारण वळण्याचं काम तीच करतात. असं जाणवलं की लगेच, पण सावकाश, माल खाली टेकवा. काउंटरवेटवर माणूस चढवणं हा उपाय नव्हे.

चालताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंमीवर, मास्ट मागे झुकलेला. रॅकसमोर थांबूनच माल वर न्या.

खरी कसोटी वरच असते. ३ मीटर उंचीवरचा माल ६ अंश पुढे झुकवला, तर तो सुमारे ३१ सेंमी पुढे सरकतो. पूर्ण २५०० किलोंसाठी अंतर १.२६ मीटर, जोर ३१५०, म्हणजे २३७५ च्या मर्यादेबाहेर. त्यातच ब्रेक दाबला किंवा लिव्हर झटक्याने सोडला, तर धोका आणखी वाढतो. म्हणून माल रॅकच्या जागेवर नीट आल्यावरच मास्ट सरळ करा, पुढे झुकवू नका. माल टेकला की फोर्क बाहेर काढा आणि मगच खाली घ्या.