‘हॅलो, मदत हवी आहे’ला उत्तर देताना या चुका टाळा

बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या मदत क्रमांकावर सकाळी पहिला मेसेज बहुतेकदा एवढाच असतो: “नमस्कार, मदत हवी होती.” पुढे काहीच नाही. माणूस घाबरलेला असतो, किंवा नेमकं काय झालंय ते कसं मांडावं हेच त्याला सुचत नसतं.

यावर सर्रास होणारी चूक म्हणजे “कृपया संपूर्ण माहिती द्या” असं लिहून मोकळं होणं. संपूर्ण म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं तर त्याने आधीच लिहिलं नसतं का? दुसरी चूक याच्या उलट: नाव, खाते क्रमांक, तारीख, रक्कम, स्क्रीनशॉट असं सगळं एकदम मागणं. मग त्यातल्या सोप्या दोनची उत्तरं येतात आणि कामाचं राहून जातं. त्यापेक्षा एका वेळी एकच विचारा: “सांगा ना, काय करायला गेलात आणि कुठे अडलं?”

समजा उत्तर आलं, “पैसे गेले.” इथे अंदाज बांधू नका. रक्कम कापली पण पोहोचली नाही, चुकीच्या माणसाला गेली, की फसवणूक झाली, हे या दोन शब्दांवरून कळत नाही. “तुम्ही काय दाबलंत?” असं विचारलं तर माणूस बचावात जातो. “पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, की न पाठवता कापले गेले?” यात दोष दिल्यासारखं वाटत नाही आणि उत्तर एका शब्दात देता येतं.

“न पाठवता” असं आलं की चौकशी तिथेच थांबवा. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला आणि बँकेला कळवायला सांगा. इथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं, बाकीचं नंतर विचारता येतं. “मीच पाठवले, पण एकाने सांगितलं म्हणून” हेही फसवणुकीतच धरा.

“भाच्याला दोन हजार यूपीआयने पाठवले, त्याला मिळाले नाहीत” असं असेल तर पुढचा प्रश्न: “अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारासमोर काय लिहिलंय?” रक्कम कापली गेली पण भाच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. `Success` दिसत असेल तर विचारा, “वर कुणाचं नाव दिसतंय?” बऱ्याचदा गाठ तिथेच सुटते: नंबरातला एक आकडा चुकलेला असतो. नाव बरोबर असेल तर बारा आकडी यूटीआर क्रमांक मागा. त्यावरूनच बँक शोध घेते.

पिन आणि ओटीपी मात्र चुकूनही विचारू नका. ते कुणी मागितले तर देऊ नयेत, हे ओघात सांगून टाका. स्क्रीनशॉट मागितलात तर शिल्लक झाकायला सांगा.

आणि प्रश्न विचारल्यावर शांतताच पसरली तर तोच प्रश्न पुन्हा पाठवू नका. पर्याय द्या: “पैशाचं आहे, कार्डाचं, की अ‍ॅप उघडत नाहीये? टाइप करायला जड जात असेल तर व्हॉइस नोट पाठवा.” वयस्क मंडळी त्यात दोन मिनिटांत सगळं सांगून टाकतात, सुनेने अ‍ॅप कसं टाकून दिलं इथपासून.