बिल्डिंगच्या दारावर कॅमेरा लावताना भाडेकरूंना सूचना कशी द्यावी

रत्नागिरीत आमची जुनी दुमजली इमारत आहे, खाली तीन बिऱ्हाडं आणि वर तीन. जिन्याखालून दोन सायकली आणि पाण्याच्या पंपाची मोटर गेल्यावर प्रवेशदारापाशी कॅमेरा लावायचं ठरलं. मी कागद चिकटवला: 'सुरक्षेसाठी कॅमेरा बसवला आहे, सहकार्य करावे.' त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "काका, माझी कपड्यांची दोरी दिसते का हो त्यात?"

दिसत होती. दोरी, त्यांचं दार, आणि दार उघडं असलं तर आतला अर्धा पलंगसुद्धा. तो कागद मी काढला. आधी कॅमेऱ्याला मर्यादा घालायच्या आणि मगच त्या कागदावर लिहायच्या, हा क्रम तेव्हा कळला.

चित्र बघा. टीव्हीवर चित्र लावून प्रत्येक बिऱ्हाडाला एकदा दाखवा, दिवसा आणि अंधार पडल्यावरही. दारं मुद्दाम उघडी ठेवायला सांगा. शक्य असेल तर कॅमेरा आतून फाटकाकडे तोंड करून लावा, म्हणजे कुणाचं दार चौकटीत येतच नाही. आमचं फाटक पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन थेट भिंगावर येऊन माणसं काळी दिसायला लागली, म्हणून तिरका कोन घ्यावा लागला आणि वहिनींची पडवी कोपऱ्यात राहिली.

तेवढा भाग झाका. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये `Privacy Mask` असतं. नको असलेल्या भागावर चौकोन ओढला की तिथे काळा पट्टा येतो आणि रेकॉर्डिंगही तसंच होतं. ते नंतर कुणालाच, मालकालाही, उघडता येत नाही. पण पट्टा ओढण्याआधीचं चित्रण डिस्कवर राहतंच. मी वहिनींसमोरच डिस्क फॉरमॅट केली.

आवाज बंद करा. हल्ली पुष्कळ कॅमेऱ्यांत माइक असतो आणि जिन्यातलं बोलणं आपसूक साठत राहतं. बसवणारा ते सांगेलच असं नाही. सेटिंगमध्ये `Audio` बंद करा, मग स्वतः जिन्यात दोन वाक्यं बोलून रेकॉर्डिंग ऐका.

दिवस ठरवा. आमचा दोन मेगापिक्सलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर चालतो, म्हणजे दिवसाला साधारण 21 जीबी. 1 टीबीच्या डिस्कवर दीड महिन्याचं चित्रण मावतं. डिस्क भरल्यावर जुनं पुसलं जातं खरं, पण चोरी शोधायला दीड महिना कशाला? मी 15 दिवसांनंतर आपोआप पुसण्याची मुदत घातली. तुमच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, ही सोय नसेल तर छोटी डिस्क घ्या.

बघणार कोण? यावरूनच खरी भांडणं होतात. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. मोबाइलवर थेट चित्र ठेवण्याचा मोह मला झाला होता, पण वर राहणाऱ्या परिचारिका रात्रपाळीहून किती वाजता येतात हे मला कळायचं कारणच काय? ॲप काढून टाकलं. आता काही घडलं तरच, मी आणि एक भाडेकरू, दोघांनी मिळून बघायचं.

मग कागद लिहा. आमचा असा आहे:

> *दि. 1 पासून प्रवेशदारावर एक कॅमेरा सुरू राहील. उद्देश: चोरी व नासधूस रोखणे.*
> *दिसेल: फाटक, जिन्याची पहिली पायरी, सायकलींची जागा.*
> *दिसणार नाही: कोणाचेही दार, खिडकी, पडवी. आवाज घेतला जात नाही.*
> *चित्रण 15 दिवसांनी पुसले जाते. ते मालक व भाडेकरूंपैकी एक प्रतिनिधी एकत्र पाहतील. पोलिसांना लेखी मागणीवर मिळेल. कोणत्याही ग्रुपवर टाकले जाणार नाही.*
> *तक्रार: मालकांकडे. झाकलेला भाग केव्हाही तपासायला मागावा.*

कॅमेरा सुरू करण्याच्या आठवडाभर आधी हा कागद प्रत्येकाच्या हातात द्या आणि फाटकावरही पाटी लावा, कारण दूधवाल्यालाही कॅमेरा आहे हे कळायला हवं. खोली आपल्या मालकीची असली तरी तिथला खासगीपणा राहणाऱ्याचा असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे. स्त्रीचं खासगी क्षणीचं चित्रण तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेलाही किमान एक वर्षाची कैद होते.

आता आमची झालेली फजिती. कॅमेऱ्यातल्या रात्रीच्या अदृश्य दिव्याभोवती किडे येतात, त्यांच्यामागे कोळी. जाळं भिंगावर आलं की रात्रीचं चित्र पांढरं पडतं. श्रावणात पोराने केरसुणीने जाळं काढलं आणि कॅमेरा जरासा वळला. काळा पट्टा चित्राच्या ठरलेल्या जागी चिकटलेला असतो, दाराला नव्हे. पट्टा भिंतीवर राहिला आणि वहिनींचं दार पुन्हा उघडं पडलं. ते त्यांच्याच लक्षात आलं, माझ्या नाही. आता स्क्रू घट्ट आवळून कॅमेऱ्याच्या बुडाशी रंगाची खूण केली आहे, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वहिनी टीव्हीसमोर बसून पट्टा बघून जातात.