इस्ट्रोजेन जेल: दंडावर की मांडीवर, किती वाळू द्यायचं आणि घरातल्या लेकराला कसं लागू द्यायचं नाही

पाळी गेल्यावर, किंवा ऑपरेशन करून पिशवीसोबत अंडाशयंही काढल्यावर, अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते. त्यावर काही बायकांना डॉक्टर इस्ट्रोजेन या हार्मोनचं जेल लिहून देतात. दिसायला ते पारदर्शक, हाताला गार लागतं आणि वास स्पिरिटचा येतो. कातडीवर लावायचं म्हणून घरात त्याला मलमच म्हणतात आणि मलमासारखंच वागवतात. खाजेचं मलम जिथं लावलं तिथंच काम करतं. हे जेल मात्र कातडीतून रक्तात जातं आणि ज्याच्या कातडीला लागेल त्याच्या रक्तात जातं. आजीच्या दंडावरचं जेल नातवाच्या गालाला लागलं, तर नातवालाही औषध मिळतं.

असं होतं हे माहीत असलेलंच आहे. 2010 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कातडीवर फवारायच्या इस्ट्रोजेनबद्दल इशारा दिला होता. ते वापरणाऱ्या बायकांच्या संपर्कातल्या लहान मुलींची छाती वेळेआधी वाढायला लागली होती आणि मुलग्यांच्याही छातीला सूज दिसली होती. कुत्र्यामांजरांमध्येही असा परिणाम दिसला होता. फवारा आणि जेल वेगळे असले तरी लागण्याची तऱ्हा एकच आहे.

आधी मात्रा

आपल्याकडे मिळणारं 0.06 टक्क्यांचं जेल घेतलं, तर 1.25 ग्रॅम जेलमध्ये 0.75 मिलिग्रॅम आणि 2.5 ग्रॅममध्ये 1.5 मिलिग्रॅम औषध असतं. पंपाची बाटली असेल तर साधारण एका दाबात 1.25 ग्रॅम येतं. नळी असेल तर सोबतच्या मोजपट्टीवर खुणेपर्यंत भरायचं. बोटावर अंदाजानं घ्यायचं नाही. नवी बाटली पहिल्यांदा दाबताना हवा निघते आणि अर्धवट जेल येतं, ते अंगाला लावू नका. ते कागदात पुसून झाकणाच्या कचरापेटीत टाका, उकिरड्यावर उघडं टाकलं तर कुत्रं चाटतं. किती दाब घ्यायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि पिशवी शाबूत असेल तर सोबत दुसऱ्या हार्मोनची गोळीही देतात. ती गोळी सोडून नुसतं जेल चालू ठेवणं धोक्याचं आहे, कारण एकट्या इस्ट्रोजेननं पिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं.

जागा: लेकरू तुम्हाला कुठे चिकटतं, ते आधी बघा

बहुतेक जेल दंडावर किंवा मांडीवर लावतात, पण सगळ्या कंपन्यांची जागा एक नसते. आपल्या डब्यातल्या कागदावर काय लिहिलं ते एकदा कुणाकडून वाचून घ्या. स्तनांवर, तोंडावर, योनीजवळ किंवा कापलं-सोललं असेल तिथं लावायचं नाही.

दोन्ही जागांना परवानगी असेल तर निवड तुमच्या घरावर ठरवा. लुगड्यावरच्या पोलक्याची बाही दंडाच्या अर्ध्यावर संपते. लेकरू कडेवर घेतलं की त्याचं तोंड, गाल, हात सगळं तिथंच येतं. म्हणून लेकरू कडेवर वागवणाऱ्या बाईसाठी मांडी बरी, ती दिवसभर परकराखाली झाकलेली राहते.

पण या सल्ल्यालाही एक खोट आहे. आपल्याकडे तान्ह्या लेकराला आंघोळ आजी घालते, आणि तीही लुगडं वर सारून, पाय लांब करून, लेकराला उघड्या पायांवर पालथं घेऊन. तेल लावून चोळणंही तिथंच. ज्या कातडीवर सकाळी जेल लावलं तिच्यावर तासाभरानं ओलं, तेलकट लेकरू अर्धा तास निजणार असेल, तर मांडी ही सगळ्यांत वाईट जागा ठरते. तेव्हा जागा मांडीचीच ठेवा, पण वेळ बदला.

एका घराची सकाळ

समजा, यवतमाळकडच्या एखाद्या गावात चाळिशीतली आजी आहे. पिशवी आणि अंडाशयं काढलेली आहेत आणि रोज 2.5 ग्रॅम जेल सांगितलं आहे. सून बाळंतपणानंतर घरीच आहे आणि नात चार महिन्यांची आहे. आजी पहाटे उठून न्हाणीत साबण लावून आंघोळ करते. कालच्या जेलचं कातडीवर राहिलेलं या आंघोळीत निघून जातं. मग घरचं आवरून नऊच्या सुमारास नातीला पायांवर घेते, तेल लावते, आंघोळ घालते. शेगडीवर ओवा टाकून धुरी देते. दूध पिऊन नात पाळण्यात झोपते आणि शेगडी बाहेर जाते.

जेलची वेळ आता. नात तास-दीड तास उठणार नाही आणि तेवढाच वेळ आपल्याला हवा आहे. आजीनं पहाटेच्या आंघोळीनंतर लगेच जेल लावलं असतं, तर नातीच्या आंघोळीपर्यंत ते कातडीवर असतंच. शेगडी बाहेर गेल्याशिवाय लावायचं नाही याचं कारण वेगळं आहे. जेलमध्ये अल्कोहोल असतं आणि ओलं असताना ते पेट घेतं. चूल, पाणी तापवायचा बंब, देवापुढचा दिवा, उदबत्ती, घरातल्या कुणाची बिडी, यांच्याजवळ ओलं जेल घेऊन बसू नका.

लावायचं कसं

कातडी कोरडी हवी. मे महिन्यात वर्ध्या-चंद्रपुराकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा आंघोळीनंतर दोन मिनिटांत घाम सुटतो. घामावर जेल लावलं की ते पातळ होऊन ओघळतं. कूलरसमोर बसा, टॉवेलनं टिपा आणि मगच लावा. तेल, क्रीम, पावडर आधी लावायची नाही.

बसण्याआधी तांब्यात पाणी आणि साबण जवळ ठेवा. पुढचं सगळं एकाच हातानं करायचं आहे. उजव्या तळहातावर जेल घेतलं तर डावा हात कशालाही लागू द्यायचा नाही. तो कोरडा हात तांब्या उचलायला लागतो. नाहीतर होतं काय, जेलच्याच हातानं तांब्याचा काठ, नळाची तोटी, साबणाची वडी धरली जाते आणि मागून लेकरू त्याच तांब्यानं पाणी पितं.

जेल मांडीच्या वरच्या भागावर पातळ पसरा. पंपाचं किंवा नळीचं 0.06 टक्क्यांचं जेल मोठ्या भागावर पसरायचं असतं. 2.5 ग्रॅम असेल तर दोन्ही मांड्यांवर वाटून घेतलं तरी चालतं. छोट्या पाकिटातलं जास्त तीव्र जेल वेगळं असतं. त्याला साधारण एक-दोन तळहातांएवढी जागा पुरते आणि बाजू रोज बदलायची असते. दोन्हींत घासायची गरज नाही, चोळून जिरवायचं नाही. बोटभर जागेत जाड थर दिला की वाळायला वेळ लागतो आणि अंगातही कमी जातं.

लावून झालं की कोरड्या हातानं पाणी ओतत जेलचा हात साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालीसुद्धा. टॉवेल स्वतःचा वेगळा ठेवा. दंडावर लावायचं असेल तर एका बाजूच्या हातानं दुसऱ्या बाजूच्या दंडावर लावा, खांद्यापासून खालपर्यंत पसरवा, आणि वाळेपर्यंत पोलकं घालू नका.

वाळणं आणि मुरणं

इथं दोन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि गफलत इथंच होते. साधारण पाच मिनिटांत अल्कोहोल उडतं आणि कातडी हाताला कोरडी लागते. अजून चिकट असेल तर थांबा, नाहीतर निम्मं औषध परकराला जाईल. हे झालं वाळणं. पण हार्मोन तेव्हा कातडीच्या वरच्या थरातच असतं. तिथून ते दिवसभर हळूहळू रक्तात उतरतं. म्हणून लावल्यावर किमान एक तास ती जागा धुवायची नाही, तिच्यावर तेल किंवा डासांचं मलम लावायचं नाही आणि कुणाची कातडी तिला लागू द्यायची नाही. नवऱ्याचीसुद्धा नाही.

तासानंतरही ती जागा लेकरापासून कापडानं झाकलेली हवी. दिवसा परकर पुरतो. रात्री गाऊन घालून लेकराला कुशीत घेऊन झोपलात तर गाऊन वर सरकतो आणि लेकराचा पाय थेट मांडीवर येतो, तेव्हा आत सलवार घाला. कधी पाहुण्यांचं लेकरू अचानक आलं, त्याला उघड्या अंगाशी घ्यायचंच आहे आणि लावून तास उलटून गेला आहे, तर जागा साबणपाण्यानं धुवून मग घ्या.

तासाच्या आतच लेकराचा हात लागला, तर घाबरू नका, पण उद्यावरही टाकू नका. लेकराची ती जागा लगेच साबणपाण्यानं धुवा. एकदा लागल्यानं काही बिघडलं असं सहसा होत नाही. रोज थोडं थोडं लागत राहिलं तर परिणाम दिसतो.

लेकरात काय दिसलं तर दवाखाना

लहान मुलीच्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ लागणं, छाती फुगणं, स्तनाग्र काळपट होणं, अंगावर पांढरं जाणं किंवा रक्ताचा डाग दिसणं. मुलग्याची छाती सुजणं. तान्ह्या बाळात जन्मानंतरच्या आठवड्यांत छाती थोडी सुजते, ती आईच्या हार्मोनमुळे असते. पण ती ओसरल्यावर पुन्हा वाढली, किंवा दोन-चार वर्षांच्या लेकरात नव्यानं दिसली, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि जेलची नळी सोबत घ्या. “घरात आजी हे जेल लावते” हे वाक्य तुम्ही आपण होऊन सांगा. ते कळलं नाही तर लेकराच्या मागे रक्त, सोनोग्राफी, डोक्याचा स्कॅन अशा तपासण्या लागू शकतात. संपर्क थांबवला की बहुतेक लेकरांत हा बदल हळूहळू मागे फिरतो. आजीनं मात्र डॉक्टरांना न विचारता जेल बंद करू नये, कारण बहुधा जागा आणि वेळ बदलून भागतं.

राहून गेलं तर

जेल लावायचं विसरलं आणि पुढच्या वेळेला 12 तासांहून जास्त अवकाश असेल, तर आठवल्यावर लावा. कमी असेल तर ती वेळ सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका. मात्र आठवल्यावर लावतानाही लेकरू झोपलेलं आहे का ते बघूनच लावा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी घाई असते, तेव्हा वावरातून आल्यावर हातपाय धुवून, लेकरू अंगाला बिलगण्याआधी लावण्याऐवजी, ते रात्री झोपल्यावर लावणं सोपं जातं. फक्त त्या रात्री त्याला आईजवळ झोपवा.

नळी आरशापुढच्या कोनाड्यात कोल्ड क्रीम आणि टूथपेस्टच्या शेजारी ठेवू नका. लेकरू ती पिळतं, आणि घाईत मोठी माणसंही ओठांना लावायला तीच उचलतात. पत्र्याखालच्या फळीवरही नको, उन्हाळ्यात तिथं भट्टी होते. कपाटात, वरच्या खणात, कडी लावून ठेवा.