आईच्या सत्तरीला भेट देताना लेकीने कसं बोलावं

गोव्यात घरगुती कार्यक्रमांचं निवेदन करताना मी लेकींची बरीच भाषणं ऐकली आहेत. बहुतेक फसतात ती एकाच कारणाने. भाषण आईच्या सगळ्या आयुष्यावर होतं आणि भेट शेवटी नुसती हातात दिली जाते. खरं तर भेट हाच भाषणाचा विषय. ही वस्तू का आणली, एवढं नीट सांगितलं की पुरे.

गेल्या वर्षी बांदोड्याच्या एका मैत्रिणीसोबत बसून तिचं भाषण तयार केलं, तेच उदाहरण घेते. तिची आई चाळीसेक वर्षं वाड्यावरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिची पायमशीन दहा वर्षं माळ्यावर गंजत पडली होती. मैत्रिणीने ती गुपचूप उतरवून दुरुस्त करून घेतली. नवा चामडी पट्टा घातला, पॉलिश केलं, गुडघ्यांना त्रास नको म्हणून मोटर बसवून घेतली. भेट ठरली होती. बोलायचं काय, ते ठरत नव्हतं.

पहिलं काम म्हणजे एकच प्रसंग शोधणं, आणि तो आईला न विचारता. मावशी, आत्या, शेजारीण, कोणालाही विचारा. मैत्रिणीला वाटायचं, मशीन बाबांनी घेऊन दिली. मावशी म्हणाली, छे, तिने स्वतः घेतली, 1984 साली, ब्लाउजच्या पैशांतून हप्ते फेडून. हे आधी कळलं नसतं तर चारचौघांत चुकीचं श्रेय गेलं असतं आणि आई हसून गप्प बसली असती. मावशीला आणखी एक विचारून घ्यायचं: हे सगळ्यांसमोर सांगितलेलं तिला चालेल ना? हप्ते फेडल्याचा आईला अभिमान असतो. गहाण टाकलेल्या पाटल्यांचा नसतो. एका लेकीने कौतुकाने पाटल्यांची गोष्ट सांगितली. समोर दीर-जावा बसले होते. आईने पदर सारखा केला आणि नंतर मान वर केली नाही.

मग वेळ. तीन मिनिटं, म्हणजे सावकाश बोलल्यास साडेतीनशेच्या आत शब्द. सकाळी भैमरथी शांती असेल तर विधी उरकून ओवाळणी झाली की लगेच बोला. पानं मांडायला घेतल्यावर उभं राहू नका. तेव्हा सगळ्यांचं लक्ष आमटीच्या वासाकडे असतं. सुरुवात मुक्तिपूर्व गोव्यापासूनही करू नका. 1961 चं नाव काढलं की समोरचे दोन आजोबा स्वतःची आठवण सुरू करतात. आईचं माहेर सत्तरी तालुक्यात असेल तर ‘जन्माने सत्तरीची, आता वयानेही सत्तरीची’ हा विनोद एकदा चालतो. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, असं सांगतातच. माहेर तिथलं नसेल तर विनोद सोडून द्या. आम्हा निवेदकांनी तो आधीच झिजवला आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. घरात कोंकणी, हातात माईक आला की मराठी. दोन्ही राहू द्या, पण आईच्या तोंडचं वाक्य ती बोलते तसंच ठेवा. आणि रोज ‘गो आई’ म्हणणारीने अचानक ‘मातोश्री, आपण’ सुरू केलं तर आईलाच परकं वाटतं. मैत्रिणीचा पहिला मसुदा असाच होता. तो फाडून आम्ही लिहिलं ते असं:

‘आम्ही लहान असताना मशिनीच्या आवाजाने झोपायचो. आवाज बंद झाला की जाग यायची, कारण आई उठली म्हणजे काहीतरी झालं. चवथीच्या आधी तर ती रात्र-रात्र बसायची. जेवायला हाक मारली की म्हणायची, “एकूच टांको उरला गो.” तो एक टाका कधी संपला नाही. ही मशीन तिने 1984 साली स्वतःच्या कमाईतून घेतली. आमची वह्या-पुस्तकं त्याच टाक्यांतून आली. आई, गेली दहा वर्षं तू शिवत नाहीस. गुडघे दुखतात म्हणतेस. आता पाय मारायची गरज नाही. आणि हो, तुझ्या गुडघ्यांना रोज तेल लावणारी आमची वहिनी आहे, म्हणून मी मडगावात निश्चिंत झोपते. वहिनी, ये, हे कापड आपण दोघी मिळून काढूया.’

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, सुरुवातीला ती पाहुण्यांशी बोलते, तेव्हा आई ‘ती’ आहे. ‘आई, गेली दहा वर्षं’ या वाक्याला ती वळते आणि ‘तू’ सुरू होतं. हे वळण एकदाच यावं, भेट उघडायच्या जरा आधी. सारखं इकडून तिकडे झालं की पाहुण्यांना कळत नाही हसायचं कोणी आणि ऐकायचं कोणी.

दुसरी गोष्ट वहिनीची. लेक सासरहून येते, तीन मिनिटं बोलते, टाळ्या घेते. वर्षभर गोळ्या देणारी, डॉक्टरकडे नेणारी सून मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात असते. तिचं नाव भाषणात आलं नाही तर संध्याकाळपर्यंत घरात काहीतरी आंबतं, आणि त्याचा त्रास पुढे आईलाच होतो. पण ‘वहिनीचेही आभार’ असं शेवटी चिकटवू नका. ती नेमकं काय करते ते एक काम सांगा आणि भेट देताना तिचा हात लागू द्या. बोलण्याआधी ती बाहेर येऊन बसली आहे ना, तेही पाहा.

सराव मोठ्याने करा, किमान तीनदा. गळा कुठे दाटतो ते पहिल्याच वेळी कळतं. मैत्रिणीचा दाटायचा ‘कधी संपला नाही’ इथे. वाक्य काढू नका. कागदावर तिथे रेघ मारा, थांबा, एक श्वास घ्या. त्यानंतरचं वाक्य कोरडं ठेवा, साल किंवा वस्तूचं. आवाज त्यावर परत उभा राहतो. कागद पोस्टकार्डाएवढा, अक्षर मोठं. मोबाईलवरून वाचू नका, नेमका तेव्हा कोणाचा तरी फोन येतो.

आईला उभं करू नका. ती खुर्चीतच बसू दे, जड वस्तू तिच्यासमोर आधी मांडून झाकून ठेवा. कापड निघालं की बोलणं संपवा. ती म्हणणार, ‘कित्याक इतलो खर्च केलो गो?’ त्याला माईकवरून उत्तर देत बसू नका. वाकून पाया पडा आणि माईक खाली ठेवा.

बांदोड्याला पाहुणे टाळ्या वाजवत होते तेवढ्यात आईने खुर्ची पुढे ओढली. झाकलेलं कापडच सुईखाली घेऊन चार बोटं टीप मारली, उलटून पाहिलं. खालच्या बाजूला धाग्याचे फास लोंबत होते. ‘वयलें सूत ढिलें आसा,’ ती म्हणाली, आणि चष्मा मागितला.