स्वीकृती नमुना-तपासणी आणि ओसी वक्र: या चुका टाळा

गुणवत्ता नियंत्रणाच्या अभ्यासक्रमात स्वीकृती नमुना-तपासणीचे, म्हणजे थोडे नग तपासून पूर्ण लॉट घ्यायचा की नाही हे ठरवण्याचे, गणित फारसे अवघड नसते. दोन-तीन सूत्रे आणि एक तक्ता एवढ्यावर ते भागते. तरीही या घटकात हमखास गुण जातात, आणि पुढे कारखान्याच्या आवक तपासणी विभागात त्याच चुकांची किंमत मालाच्या रूपाने मोजावी लागते, कारण योजना तक्त्यातून उचलली जाते पण किती सदोष प्रमाणाचा लॉट किती वेळा स्वीकारला जाईल हे दाखवणारा तिचा ओसी वक्र, म्हणजेच कार्यलक्षण वक्र, कोणी काढून पाहत नाही. येथे एकच योजना हाती धरून या चुका पाहू.

समजा, १,००० बुशचा लॉट आला आहे आणि पुरवठादाराशी १ टक्का एक्यूएल, म्हणजे स्वीकारार्ह गुणवत्ता पातळी, ठरलेला आहे. नमुना-तपासणीच्या आयएस २५०० (भाग १) या भारतीय मानकातील सर्वसाधारण तपासणी पातळी २ नुसार ५०१ ते १,२०० नगांच्या लॉटला सांकेतिक अक्षर ‘जे’ लागू होते आणि सामान्य तपासणीची एकेरी योजना मिळते ती n = 80, c = 2. म्हणजे ८० बुश गेजने तपासायचे, दोनपर्यंत सदोष निघाले तर लॉट घ्यायचा आणि तीन निघाले तर नाकारायचा.

पहिली चूक वक्र काढतानाच होते. लॉट स्वीकारला जाण्याची संभाव्यता म्हणजे शून्य, एक किंवा दोन सदोष नग सापडण्याच्या संभाव्यतांची बेरीज. अनेक विद्यार्थी नेमके दोन सदोष सापडण्याचीच संभाव्यता काढून थांबतात. एक्सेलमध्ये हा फरक केवळ शेवटच्या शब्दाचा असतो:

```
=BINOM.DIST(2, 80, 0.01, TRUE)
```

याचे उत्तर ०.९५३ येते. `TRUE` च्या जागी `FALSE` लिहिले, तर उत्तर ०.१४४ येते आणि आलेखावर उतरत्या वक्राऐवजी टेकडी उमटते. ती शून्यापासून सुरू होते, २.५ टक्क्यांजवळ सर्वांत उंच होते आणि पुन्हा खाली येते. असा आकार दिसला तर बाकी काही तपासण्याआधी बेरीज तपासावी. लॉटमध्ये एकही सदोष नग नसेल तर तो नाकारला जाणेच शक्य नाही, म्हणून खरा ओसी वक्र नेहमी १ पासून सुरू होतो आणि पुढे कोठेही वर चढत नाही. सदोष प्रमाण टक्क्यांत लिहिण्याची चूकही अशीच लगेच ओळखू येते. 0.01 ऐवजी 1 लिहिल्यास उत्तर शून्य येते आणि 2 लिहिल्यास `#NUM!` दिसते.

पॉयसाँ सूत्राने हेच उत्तर जवळपास तितकेच येते, त्यामुळे त्या फरकावर वेळ घालवू नये. मात्र नमुना लॉटच्या दहाव्या भागापेक्षा मोठा असेल, तर हायपरजॉमेट्रिक वितरण वापरणे योग्य ठरते.

दुसरी चूक अर्थाची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत महाग पडते. ‘१ टक्का एक्यूएल’ याचा अर्थ ‘स्वीकारलेल्या लॉटमध्ये १ टक्क्यापेक्षा जास्त सदोष नग नसतात’ असा घेतला जातो. आपल्या योजनेचा वक्र वाचला की हा समज टिकत नाही. लॉटमध्ये १ टक्का सदोष असतील तर तो स्वीकारला जाण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे, २ टक्के असतील तर ७८, ३ टक्के असतील तर ५७ आणि ५ टक्के असतील तर सुमारे २३. म्हणजे ५० सदोष बुश असलेल्या दर चार लॉटपैकी साधारण एक लॉट नियमानुसारच आत येतो. स्वीकृतीची संभाव्यता १० टक्क्यांवर उतरते ती सुमारे ६.५ टक्के सदोष प्रमाणाला, आणि ग्राहकाची जोखीम १० टक्के धरल्यास हाच या योजनेचा एलटीपीडी, म्हणजे लॉटमधील सदोष नगांची सहनीय टक्केवारी, आहे. एक्यूएल हे वक्राचे डावे टोक आहे. चांगला माल विनाकारण नाकारला जाऊ नये, ही पुरवठादाराची काळजी ते टोक घेते. ग्राहकाला मिळणारे संरक्षण उजव्या बाजूला वाचावे लागते, म्हणून उत्तरपत्रिकेत किंवा खरेदी करारात एकच बिंदू लिहून थांबू नये.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. पुरवठादाराची प्रक्रिया स्थिरपणे ३ टक्के सदोष नग देत असेल, तर दर १०० लॉटपैकी सुमारे ५७ स्वीकारले जातील आणि ४३ परत जातील, परंतु दोन्ही गटांतील न तपासलेल्या नगांचा दर्जा सरासरीने सारखाच असेल. नाकारलेला लॉट शंभर टक्के निवडून घेतला नाही किंवा प्रक्रिया सुधारली नाही, तर निव्वळ नमुना काढल्याने माल सुधारत नाही.

तिसरी चूक म्हणजे ‘लॉटच्या १० टक्के तपासा, एकही सदोष नको’ हा सरसकट नियम. तो न्याय्य वाटतो, पण ४ टक्के सदोष असलेला माल घेऊन हिशोब करून पाहावा. ५० नगांच्या लॉटमधून ५ तपासले तर तो ८१ टक्के वेळा पास होतो, १०० च्या लॉटमधून १० तपासले तर ६५ टक्के वेळा, २०० च्या लॉटमधून २० तपासले तर ४२ टक्के वेळा आणि १,००० च्या लॉटमधून १०० तपासले तर २ टक्क्यांहूनही कमी वेळा. माल तोच असूनही लॉट लहान केला की तो सहज आत शिरतो. योजनेची पारख करण्याची ताकद मुख्यतः नमुन्यातील नगांच्या संख्येवर ठरते. लॉटच्या किती टक्के तपासले याने ती ठरत नाही.

‘शून्य सदोष’ ही अट कडक दिसते म्हणून तिची निवड करण्याआधीही वक्र पाहावा. n = 34, c = 0 या योजनेचा एलटीपीडी आपल्या योजनेइतकाच येतो आणि तपासणीही निम्म्याहून कमी लागते, परंतु १ टक्का सदोष असलेला चांगला लॉट ती केवळ ७१ टक्के वेळा स्वीकारते. जेथे एकही सदोष नग धोकादायक ठरतो तेथे हा सौदा मान्य होईल. साध्या बुशसाठी मात्र जवळपास ३० टक्के चांगले लॉट परत पाठवल्यावर पुरवठादाराशी रोजचा वाद ओढवतो.

आणि अशा वादातूनच शेवटची चूक घडते. लॉट नाकारला गेला की उत्पादनाची घाई असलेले कोणीतरी ‘अजून एकदा ८० काढून बघू’ म्हणते. दुसरा नमुना पास झाला तर लॉट आत घेतला जातो, आणि नोंदवहीत योजना n = 80, c = 2 अशीच राहते. प्रत्यक्षात ती योजना आता बदललेली असते. ५ टक्के सदोष लॉट पहिल्या खेपेस नाकारला जाण्याची संभाव्यता ०.७७ होती. दोन्ही खेपांना नाकारला जाण्याची संभाव्यता ०.७७ × ०.७७, म्हणजे सुमारे ०.५९ उरते, आणि स्वीकृती २३ वरून ४१ टक्क्यांवर जाते. दुसरा नमुना हवाच असेल तर दुहेरी नमुना योजना प्रथमपासून निवडावी. तिच्यात दोन्ही नमुन्यांतील सदोष नगांची बेरीज धरली जाते, पहिला निकाल पुसला जात नाही.

मानकाचा स्वतःचा उपाय नेमका उलट दिशेचा आहे. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नाकारले गेले की कडक तपासणी सुरू करायची असते. आपल्या उदाहरणात नमुना ८० चाच राहतो, पण स्वीकृती अंक २ वरून १ वर येतो आणि ५ टक्के सदोष लॉट पास होण्याची संभाव्यता सुमारे ९ टक्क्यांवर उतरते. हा बदल वगळून केवळ सामान्य तपासणीचा तक्ता वापरणाऱ्याला मानकात अभिप्रेत असलेले संरक्षण मिळत नाही. म्हणून प्रश्न सोडवताना सामान्य आणि कडक तपासणीचे दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढावेत आणि नोंदवहीत प्रत्येक लॉटसमोर तो कोणत्या तपासणीखाली पाहिला, हे लिहावे.