चालीवर शब्द तपासायला बसण्यापूर्वी

ही तयारी चाल आधी बांधलेली आणि शब्द नंतर लिहिलेले अशा गीतासाठी आहे, कारण मात्रा मोजून बरोबर आलेली ओळ गाताना वाकडी वाटण्याचा प्रकार तिथेच सर्वाधिक घडतो. बसण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी असाव्यात: गीताची मोठ्या अक्षरांतली, ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेली प्रत, शब्दांशिवाय नुसत्या ‘ल ला’वर गुणगुणलेल्या चालीचे ध्वनिमुद्रण, आणि ज्या लयीत गाणे प्रत्यक्ष गायले जाणार आहे त्याच लयीतला ठेका. संथ ठेक्यावर तपासलेले शब्द द्रुत लयीत जिभेला अडखळवतात, म्हणून लय आधी नक्की करून घ्यावी. गीतकाराने स्वतः वाचून दाखवलेले मुद्रण मात्र या टप्प्यावर ऐकू नये, कारण त्याचा आवाज कानात बसला की तो जिथे सांभाळून घेतो ती जागा आपल्याला दिसेनाशी होते.

पुढचे सगळे मुद्दे एकाच चालीवर पाहू. ताल दादरा, सहा मात्रांचा. ओळ दोन आवर्तनांची, म्हणजे बारा मात्रांची. आणि चालीत प्रत्येक तीन मात्रांमध्ये आधी दोन मात्रांचा लांब सूर, मग एका मात्रेचा आखूड सूर. प्रतीवर प्रथम शब्दांना हात न लावता हा साचाच लिहून घ्यावा: लांब-आखूड, लांब-आखूड, मग उभी रेघ, आणि पुन्हा तसेच. रेघेनंतरचे पहिले अक्षर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणार. ‘रात आज फार शांत’ ही ओळ या साच्यात चपखल बसते, कारण ‘रा’, ‘आ’, ‘फा’, ‘शां’ ही गुरू अक्षरे लांब सुरांवर येतात आणि ‘फार’ हा शब्द समेवर सुरू होतो. बोलताना आपण ‘रात’मधला शेवटचा ‘अ’ गिळतो, गाताना मात्र तो उघडतो आणि त्याला एक मात्रा मिळते. म्हणून मोजणी बोलण्यावरून न करता गाण्यावरून करावी.

आता ‘रात निघे दूर कुठे’ ही ओळ घ्या. मात्रा मोजल्या तर बाराच भरतात, आणि बहुतेक गीतकार इथेच थांबतात. पण ‘निघे’मध्ये आधी लघु आणि मग गुरू आहे, ‘कुठे’मध्येही तेच, आणि चाल नेमकी उलट मागते आहे. गायक बिचारा सुरांशी इमान राखतो आणि ‘नीऽघे’, ‘कूऽठे’ म्हणतो. मराठीत आघात इंग्रजीसारखा ठोस नसल्यामुळे आपल्याला आघात चुकण्याची भीती नाही असे कित्येकांना वाटते, पण मराठी कान ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला लगेच पकडतो. चुकीचा आघात आपल्याकडे बहुधा याच रूपात येतो. तपासताना म्हणून एकूण बेरजेवर विश्वास न ठेवता प्रत्येक अक्षराखाली एक किंवा दोन असा आकडा लिहावा आणि तो वरच्या साच्याशी जोडीजोडीने ताडून पाहावा. उपाय दोन आहेत: ‘रात आज दूर जात’ असे शब्द बदलणे, किंवा त्या दोन जागी आखूड-लांब असे सूर फिरवता येतील का, हे संगीतकाराला विचारणे. दुसरा उपाय पुष्कळदा सोपा असतो, पण अंतरा त्याच चालीवर असेल तर तो तिथे गोत्यात आणतो. शब्दाच्या अखेरीस येणाऱ्या ऱ्हस्वाबद्दल मात्र कडक होऊ नये; ‘आणि’चा ‘णि’ आपण बोलतानाही लांबच उच्चारतो, त्यामुळे तो ताणलेला कोणालाच खुपत नाही.

यानंतर समेवर काय पडते ते पाहावे. एका गीतात ‘फार लांबलाच मार्ग’ अशी ओळ माझ्यापुढे आली होती. लांब-आखूड सगळे बिनचूक होते, कागदावर खोट काढायला जागा नव्हती. ठेक्यावर म्हटल्याबरोबर ती ‘फार लांब, लाच मार्ग’ अशी ऐकू आली, कारण सम शब्दाच्या मधोमध ‘ला’वर पडत होती आणि पुढचा ‘च’ तिला येऊन चिकटत होता. विरहाच्या गीतात लाच घेणारा मार्ग शोभत नाही. तेच तीन शब्द ‘मार्ग फार लांबलाच’ असे लावल्यावर सम ‘लां’वर आली, शब्द अखंड राहिला आणि अर्थही जागेवर आला. ही खोट डोळ्यांना दिसत नाही. तयारीत म्हणून एक असा माणूस ठरवून ठेवावा ज्याने गीत वाचलेले नाही. त्याला ओळ एकदाच गाऊन दाखवावी आणि ऐकू आले ते लिहायला सांगावे. त्याने लिहिलेला शब्द वेगळा निघाला तर समजावून सांगण्याचा मोह टाळावा. श्रोत्याला समजावून सांगायला कोणी जाणार नसते.

यमकाची तपासणी शेवटी ठेवावी, कारण वरच्या दुरुस्त्यांत ओळींची शेपटे बदलतात. ‘रात आज फार शांत’ला जोड म्हणून ‘चंद्र वाटतो नितांत’ ही ओळ आली, असे समजा. ‘नितांत’ला पुढे काहीतरी हवे असते: नितांत सुंदर, नितांत एकटा. इथे तो लोंबकळत राहिला आहे, आणि केवळ ‘शांत’च्या सोयीसाठी आला आहे हे उघड होते, शिवाय ‘वाटतो’ मोडून सम ‘तो’वर पडते आहे. ओढूनताणून आणलेले यमक ओळखण्यासाठी मी ओळ साध्या गद्यात, बोलल्यासारखी लिहून काढतो. गद्यात जो शब्द आपण कधीच घातला नसता, तो यमकाने घातलेला असतो. ‘पाहे’, ‘जाहली’, ‘मजला’ यांसारखी जुनी रूपे आजच्या बोलीतल्या गीतात एकटीदुकटी दिसली की तिथेही हाच संशय घ्यावा.

दुरुस्ती करताना जोडीतल्या दुसऱ्या ओळीशीच झगडत बसण्यात वेळ जातो. दुसऱ्या ओळीला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे आणि तिला हवा तो शेवट देऊन पहिली ओळ बदलावी. चंद्र एकटा आहे एवढेच म्हणायचे असेल तर ‘एकटाच चंद्र आज’ ही ओळ सरळ येते, साच्यात बसते आणि सम ‘चंद्र’वर पडते. मग पहिली ओळ ‘दूर फक्त एक गाज’ अशी होऊ शकते, आणि शांतता ‘शांत’ हा शब्द न वापरताही ऐकू येते. ‘आज’ आणि ‘गाज’ या दोन्हींतला ‘ज’ दंत्य आहे, हेही बोलून पाहावे; ‘राजा’ आणि ‘ताजा’ कागदावर जुळतात, पण पहिल्यातला ‘ज’ तालव्य आणि दुसऱ्यातला दंत्य असल्यामुळे कानाला ते यमक किंचित लंगडे लागते.

एक काम गायकासोबतच करायचे असते: ओळीतली व्यंजने काढून नुसते स्वर चालीवर म्हणायचे. सर्वांत उंच आणि सर्वांत लांब सुरावर ‘आ’ किंवा ‘ओ’ आला तर आवाज मोकळा सुटतो, ‘ई’ किंवा ‘ऊ’ आला तर गळा आवळतो. ‘गाज’मध्ये ‘गा’वर हवे तितके थांबता येते, फक्त ‘ज’ कोणत्या मात्रेवर मिटायचा, ते प्रतीवर त्याच वेळी लिहून ठेवावे, नाहीतर कोरसमधला प्रत्येक जण तो वेगवेगळ्या ठिकाणी मिटतो.