फर्निचर खरेदी खात्यात गेलं? दुरुस्तीची नोंद करताना या चुका टाळा

विषय: रॅक आणि काउंटरच्या बिलाची दुरुस्ती नोंद

नमस्कार शेठ,

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "विक्री तेवढीच आहे, मग नफा गेला कुठे?" सापडला. रॅक आणि काउंटरचं 60,000 चं उधारीचं बिल खरेदी पुस्तकात मालाच्या बिलांबरोबर चढलंय. ते आणण्याचे 2,000 आवक वाहतूक खात्यात गेलेत.

मला शंका आली ती टक्केवारीवरून. 10,00,000 च्या विक्रीवर तुमचा ढोबळ नफा दरवर्षी 20 टक्क्यांच्या आसपास असतो. यंदा तो 1,38,000 म्हणजे 13.8 टक्केच दिसत होता. दर बदलले नाहीत, माल खराब झाला नाही, तरी टक्का असा घसरला की मी आधी खरेदी खात्यातली मोठी बिलं उघडून बघतो.

तेरीजपत्रक जुळलं म्हणून तुम्ही निर्धास्त होतात, पण या चुकीत ते जुळणारच. रक्कम बरोबर आहे, नावेही पडली आहे, फक्त खातं चुकलंय. विकण्यासाठी आणलेली वस्तू खरेदीत जाते. दुकानात वर्षानुवर्षं वापरायची वस्तू ही मालमत्ता, तिचा खर्च भांडवली. (तुम्ही फर्निचरच विकत असतात, तर हेच बिल खरेदीत बरोबर ठरलं असतं!) पुस्तकी भाषेत याला तत्त्वाची चूक म्हणतात.

दुरुस्तीची नोंद रोजकीर्दीत अशी येईल:

फर्निचर खाते नावे 62,000
खरेदी खाते जमा 60,000
आवक वाहतूक खाते जमा 2,000
(दुकानातील रॅक व काउंटरचे बिल आणि त्याची वाहतूक चुकून महसुली खर्चात नोंदवली होती, ती दुरुस्त केली.)

वाहतूक फर्निचरमध्ये का घेतली? वस्तू वापरण्याजोगी होऊन जागेवर बसेपर्यंतचा खर्च तिच्या किमतीतच धरतात. हे 2,000 हमखास विसरले जातात.

तुमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या मुलाने स्वतःच दुरुस्ती करून पाहिली होती आणि तिथे नवा घोळ झाला. त्याने फर्निचर नावे आणि फर्निचरवाल्याचं खातं जमा अशी नोंद टाकली. पण फर्निचरवाल्याचे 60,000 मूळ नोंदीतच जमा झाले होते आणि ते बरोबर होते. आता त्याचं देणं 1,20,000 दिसतंय, खरेदीतले 60,000 मात्र जागच्या जागी आहेत. ही नोंद मी आधी उलटवतोय. दुरुस्ती लिहिण्याआधी दोन ओळी कच्च्या कागदावर मांडायच्या: काय लिहिलं गेलं आणि काय लिहायला हवं होतं. ज्या बाजूत फरक निघेल तेवढीच हलवायची. इथे फक्त नावेची बाजू चुकली आहे. सस्पेन्स खात्याचाही इथे संबंध नाही, कारण तेरजेत फरकच नव्हता.

जुनी नोंद खोडू किंवा सॉफ्टवेअरमधून उडवू नका. उद्या कोणी तपासायला बसलं, तर काय चुकलं आणि केव्हा सुधारलं हे दिसायला हवं.

आता घसारा. बिल खरेदीत असेपर्यंत घसाऱ्याचा प्रश्नच नव्हता. फर्निचर झालं की तो लावावा लागतो. आपण वर्षाला 10 टक्के धरतो आणि रॅक वर्षाचे सहा महिने वापरात होते, म्हणून 62,000 वर 3,100. ढोबळ नफा 62,000 ने वाढून 2,00,000 होईल, पण निव्वळ नफ्यात वाढ 58,900 चीच. ताळेबंदात फर्निचर 58,900 ने वाढेल. दोन्हीकडे हाच आकडा आला की समजा नोंद बसली.

एक गोष्ट मात्र तुम्हीच तपासा. अखेरचा माल मोजताना कोणी बिलं बघून यादी केली असेल, तर हे रॅक त्यात आले नाहीत ना? आले असतील तर शिल्लक मालातून काढा, नाहीतर तीच वस्तू मालातही दिसेल आणि फर्निचरमध्येही.

हे सगळं वर्षाची खाती अजून बंद झालेली नाहीत म्हणून. बंद झाल्यावर सापडलं असतं, तर खरेदी आणि वाहतूक खात्यांत जमा करून उपयोग नव्हता, ती खाती संपलेली असतात. तसं केलं तर पुढच्या वर्षाची खरेदी उगाच कमी दिसते. तेव्हा पूर्ण 62,000 नफा-तोटा समायोजन खात्यात जमा करायचे आणि मागच्या वर्षाचा घसारा त्याच खात्याला नावे टाकायचा.

सहा महिने मी बिलाच्या तारखेवरून धरलेत. रॅक प्रत्यक्ष कधी मांडले ते कळवा. उशिरा मांडले असतील तर 3,100 चा आकडा कमी होईल आणि मी नोंद त्यानुसार करेन.

आपला,
हिशेबनीस